कीटोनमधला C=O काढून CH₂ कसा करावा: आम्लातून जायचे की अल्कलीतून?

कीटोनचे क्षपण म्हटले की बहुतेकांना सोडियम बोरोहायड्राइड आठवते. पण ते अल्कोहोलपाशी थांबते. ऑक्सिजन पूर्णपणे घालवून त्या जागी दोन हायड्रोजन बसवायचे असतील, तर दोन जुने मार्ग आजही वापरात आहेत. एक क्लेमेन्सनचा, 1913 सालचा: जस्ताचे अमाल्गम आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. दुसरा वोल्फ-किश्नरचा, 1911-12 सालचा: हायड्राझिन, तीव्र अल्कली आणि भरपूर उष्णता. शेवटचा पदार्थ दोन्हींत तोच असतो. म्हणून पाठ्यपुस्तकात हे दोघे शेजारी शेजारी छापले जातात आणि कोणताही घेतला तरी चालेल असा समज होतो. तसे नाही.

आधी रेणू नीट पाहा

कीटोन सोडून रेणूत आणखी काय आहे, यावर निवड ठरते. अॅसिटाल, तृतीयक अल्कोहोल किंवा पायरोल, फ्युरानसारखे वलय असेल, तर उकळत्या आम्लात ते टिकत नाही. अशा वेळी अल्कलीचा मार्ग घ्या. उलट एस्टर असेल तर अल्कलीत तो जलविघटित होणारच, त्यात शंका नको. कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवर क्लोरीन किंवा ब्रोमीन असेल तर दोन्ही मार्ग वाया जातात: अल्कलीत तो अणू निघून जातो आणि दुहेरी बंध उरतो, जस्त तर थेट तो अणूच काढून टाकते. रेणूत नायट्रो गट असेल तर जस्त-आम्ल त्याचाही अमीन करून ठेवते.

एक उदाहरण दोन्ही वाटांनी नेऊन पाहू: 3-बेन्झॉइलप्रोपिऑनिक आम्ल. बेन्झीन आणि सक्सिनिक अॅनहायड्राइडपासून ते सहज मिळते. त्याचा कीटोन काढला की 4-फिनाइलब्युटेनॉइक आम्ल तयार होते. कार्बॉक्सिलिक आम्लाचा गट दोन्ही परिस्थितींत टिकतो, म्हणून तुलनेला हा रेणू सोयीचा. आपण 10 ग्रॅम, म्हणजे 0.056 मोल घेऊ. सैद्धांतिक उत्पादन 9.2 ग्रॅम.

आम्लाची वाट

प्रथम अमाल्गम. 24 ग्रॅम दाणेदार जस्त, 2.4 ग्रॅम मर्क्युरिक क्लोराइड, 40 मिली पाणी आणि 1 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल फ्लास्कमध्ये पाच मिनिटे हलवा. जस्तावर पाऱ्याचा थर चढतो. वरचे द्रावण ओतून वेगळे ठेवा. पारा कशासाठी? नुसते जस्त आम्लात हायड्रोजन वायू सोडत स्वतः संपून जाते. पाऱ्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटणे अवघड होते, म्हणून जस्ताचे इलेक्ट्रॉन कीटोनच्या वाट्याला येतात.

त्यावर 15 मिली पाणी, 35 मिली तीव्र आम्ल, 20 मिली टोल्युइन आणि शेवटी कीटोन घाला. फ्यूम हूडमध्ये कंडेन्सर लावून सुमारे 30 तास जोरात उकळवा. आम्ल खर्च होत राहते, म्हणून दर सहा तासांनी 10 मिली तीव्र आम्ल पुन्हा घाला.

टोल्युइनकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते, पण या कृतीत खरे शहाणपण तिथेच आहे. कीटोन बहुतांशी टोल्युइनच्या थरात राहतो आणि आम्लाच्या थरात थोडा थोडाच उतरतो. जस्ताजवळ तो दाटीने असला, तर अर्धवट क्षपण झालेले दोन रेणू एकमेकांना चिकटून दुप्पट आकाराचा पदार्थ बनतो. टोल्युइन वगळल्यास हाच डांबरी गाळ हाती येतो.

थंड झाल्यावर टोल्युइनचा थर वेगळा करा, आम्लाच्या थरातून आणखी टोल्युइनने उरलेला पदार्थ ओढा, सगळे पाण्याने धुऊन द्रावक उडवा. 7.5 ते 8.2 ग्रॅम मिळाले तर काम उत्तम झाले. जस्ताचा उरलेला चिखल आणि ते आधी ओतलेले द्रावण मात्र पाऱ्याच्या कचऱ्याच्या बाटलीतच गेले पाहिजे, बेसिनमध्ये नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. इथे कीटोनचा आधी अल्कोहोल होतो आणि मग तो जातो, असे नाही. साधा अल्कोहोल या मिश्रणात टाकला तर तो सहसा तसाच राहतो. सगळा व्यवहार धातूच्या पृष्ठभागावर होतो, म्हणून कार्बोनिलभोवती गर्दी असलेले कीटोन इथे हट्टी ठरतात.

अल्कलीची वाट

मूळ पद्धतीत बंद नळी वगैरे खटाटोप होता. 1946 साली हुआंग मिनलॉन यांनी तो सोडवला, आणि आज आपण जवळपास त्यांचीच कृती करतो.

फ्लास्कमध्ये 60 मिली डायएथिलीन ग्लायकॉल, 12 ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, 10 ग्रॅम कीटोन आणि 85 टक्के हायड्राझिन हायड्रेट 8 ते 10 मिली घ्या. हायड्रॉक्साइडचा एक वाटा आपल्या आम्लाचे लवण करण्यातच जातो, हे हिशेबात धरले आहे. दीड तास रिफ्लक्स करा. या टप्प्यात हायड्राझोन बनतो आणि त्याबरोबर पाणी सुटते.

आता कंडेन्सर ऊर्ध्वपातनाच्या जोडणीत बदला आणि पाणी व जादा हायड्राझिन बाहेर काढत आतले तापमान 195 ते 200 अंशांपर्यंत चढू द्या. घाई इथेच होते. पाणी उरले तर मिश्रण 130-140 अंशांपलीकडे जात नाही, आणि तेवढ्या उष्णतेत हायड्राझोन मोडत नाही. तापमान चढले की पुन्हा रिफ्लक्स लावून चार तास ठेवा. नायट्रोजनचे बुडबुडे हीच क्षपण चालल्याची खूण, 0.056 मोलमधून साधारण सव्वा ते दीड लिटर वायू निघतो. म्हणून जोडणी कधीही पूर्ण बंद नको, आणि फेस येत असल्याने फ्लास्क अर्ध्याहून जास्त भरू नका.

हायड्राझिन कमी पडले तर एक हायड्राझोन दुसऱ्या कीटोनला जोडून अॅझीन तयार होतो. तो बहुधा पिवळा असतो. मिश्रणात पिवळा घन दिसू लागला तर शंका घ्या.

शेवटी थंड करून पाणी घाला आणि थंडीतच हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 2 करा. पदार्थ आधी तेलासारखा सुटतो, कारण त्याचा द्रवणांक फक्त 52 अंश आहे. बर्फात ठेवला की घट्ट होतो. हायड्राझिन विषारी आणि कर्करोगकारक आहे, वर काढलेल्या पाण्यातही ते असते. तेही वेगळ्या बाटलीत, आणि हातमोजे काढायचे नाहीत.

झाले की नाही हे कसे ओळखाल

केवळ इन्फ्रारेडवर विसंबू नका, कारण कार्बॉक्सिलचा पट्टा तिथे राहणारच. प्रोटॉन एनएमआर जास्त बोलके. कीटोन असताना वलयाचे दोन प्रोटॉन 8 पीपीएमजवळ असतात, ते नाहीसे झाले पाहिजेत. 3.3 आणि 2.8 जवळच्या दोन खुणांऐवजी आता 2.65, 2.35 आणि 1.95 जवळ तीन दिसतात.

या रेणूसाठी मी अल्कलीची वाट घेईन: वेळ कमी आणि पारा नाही. त्याचा मिथाइल एस्टर हातात असता, तर प्रश्न वेगळा झाला असता. अल्कलीत एस्टर जातो, आम्लाच्या पाण्यातही तो थोडा थोडा तुटतो. अशा वेळी कीटोनचा डायथायोलेन, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी दोन गंधक असलेले वलय, करून रेनी निकेलने तो गंधक काढायचा. त्यात आम्लही लागते, पण 30 तास उकळायची गरज नसते, आणि एस्टर शाबूत राहतो.