प्रोजेक्ट मॅनेजरचा रेझ्युमे वाचताना: मूळ तारीख विचारलीत का?

मागच्या भरतीत मी एक माणूस निवडला. त्याच्या रेझ्युमेतली एक ओळ मला अजून पाठ आहे: ‘24 जणांच्या टीमसह 11 महिन्यांत प्रोजेक्ट पूर्ण, वेळेत आणि बजेटमध्ये.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. चूक माझी होती. ‘वेळेत’ म्हणजे कुठल्या तारखेला, हे मी विचारलंच नाही. आता पुन्हा तीच जागा भरायची आहे, म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय. क्रम माझ्या सोयीचा आहे, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल आणि ती मुद्दाम आहे.

रेझ्युमे उघडण्याआधी जाहिरात वाचा. आपणच लिहिलेली असली तरी वाचा. त्यातलं काय सक्तीचं आणि काय असल्यास बरं, हे पेन्सिलीने वेगळं करा. सर्टिफिकेटसाठी ‘पीएमपी किंवा समकक्ष’ असं लिहिलं असेल तर समकक्षात काय धरणार ते आत्ताच ठरवा. प्रिन्स टू या दुसऱ्या सर्टिफिकेटची वरची पातळी, प्रॅक्टिशनर, चालेल का? नुसतं खालचं फाउंडेशन चालेल का? आवडता उमेदवार समोर आल्यावर ठरवलंत तर समकक्षाची व्याख्या त्याच्या मापाची शिवली जाते. अनुभवाची वर्षंही तशीच. आठ वर्षं मागितली असतील तर ती नोकरीची की प्रोजेक्ट चालवण्याची? माणूस आठ वर्षं नोकरीत असतो आणि त्यातली पाच डेव्हलपर म्हणून गेलेली असतात.

पान संख्या, फॉन्ट, फोटो, शुद्धलेखन: सोडून द्या.

मेथडॉलॉजी. इथे शब्द मोजू नका, शब्द एकमेकांशी जुळतात का ते बघा. रेझ्युमेत स्क्रम, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि टीमने स्वतः काम ठरवत जाण्याची पद्धत, आहे आणि खालीच ‘टीमला रोजची कामं वाटून दिली, 12 महिन्यांचा पक्का स्कोप गँट चार्टवर सांभाळला’ असं असेल तर तिथे स्क्रमचं फक्त नाव होतं. स्क्रम गाइडमध्ये प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स एवढ्याच तीन जबाबदाऱ्या आहेत. प्रोजेक्ट मॅनेजर त्यात नाही. याचा अर्थ स्क्रमवाल्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर नसतो असा नाही, असतोच. पण मग तो नेमकं काय करत होता, हे त्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: बजेट, व्हेंडर, इतर टीम्सवरची अवलंबित्वं, वरिष्ठांना रिपोर्टिंग. आणि ‘व्हेलॉसिटी 40 टक्क्यांनी वाढवली’ या वाक्यावर भाळू नका. व्हेलॉसिटी म्हणजे टीम एका टप्प्यात किती स्टोरी पॉइंटचं काम संपवते ते, आणि कुठल्या कामाला किती पॉइंट हे टीम स्वतःच ठरवते. कालच्या तीन पॉइंटच्या कामाला आज पाच म्हटलं की व्हेलॉसिटी वाढली. काम होतं तेवढंच राहिलं.

जाहिरातीत हायब्रिड, म्हणजे पक्का प्लॅन आणि स्क्रमसारखी पद्धत यांचं मिश्रण, मागितलं असेल तर एकच विचारा: कुठला भाग आधी पक्का ठरवला होता, कुठला मोकळा ठेवला होता, आणि का? ज्याने खरंच केलंय तो लगेच बोलायला लागतो.

आता डिलिव्हरी. इथे मी पडलो, तेव्हा इथे थांबा.

‘वेळेत पूर्ण’ ही ओळ दिसली की तिच्याशेजारी लिहा: मूळ तारीख? पहिल्यांदा मंजूर झालेल्या प्लॅनमधली तारीख. शेवटी मंजूर झालेली नव्हे. प्रोजेक्ट घसरायला लागला की प्लॅन पुन्हा बांधून घेता येतो, त्याला रीबेसलाइन म्हणतात. नव्या बेसलाइननुसार तो प्रोजेक्ट त्या दिवसापासून वेळेत असतो. कागदोपत्री यात गैर काही नाही.

माझ्या माणसाचा 11 महिन्यांचा प्रोजेक्ट मूळ प्लॅनमध्ये 7 महिन्यांचा होता. पाचव्या महिन्यात प्लॅन बदलून 9 झाले, आठव्या महिन्यात 11. शिवाय दुसऱ्यांदा बदलताना रिपोर्टिंगचा अख्खा मॉड्यूल ‘फेज टू’मध्ये ढकलला होता. म्हणजे 7 महिन्यांचं काम, त्यातला एक तुकडा वगळून, 11 महिन्यांत. तरीही ‘वेळेत’. हे मला कधी कळलं? तो रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात, आमचाच प्रोजेक्ट मागे पडला तेव्हा. तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘‘सर, आपण प्लॅन रिव्हाइज करून घेऊ. मागेही आम्ही असंच केलं होतं, दोनदा.’’ मी बघतच राहिलो.

कोणी आकडे दाखवून उत्तर देईल. एसपीआय, म्हणजे झालेलं काम भागिले आजपर्यंत व्हायला हवं असलेलं काम. समजा एकूण काम 100 धरलं. पाचव्या महिन्यापर्यंत प्लॅनप्रमाणे 70 व्हायला हवं होतं, झालं 50. एसपीआय 0.71, रिपोर्टमध्ये लाल. त्याच आठवड्यात रीबेसलाइन केलं, नव्या प्लॅनमध्ये पाचव्या महिन्यापर्यंत 50च अपेक्षित. एसपीआय 1.00, रिपोर्ट हिरवा. कोणी एक वीट हलवली नाही. याहून वाईट म्हणजे शेवटचा एसपीआय. प्रोजेक्ट पूर्ण झाल्यावर झालेलं काम 100 आणि अपेक्षित कामही 100, म्हणजे तो नेहमी 1च येतो, मग प्रोजेक्ट कितीही उशिरा संपो. तेव्हा ‘अखेरचा एसपीआय 1.0’ असं कोणी अभिमानाने लिहिलं असेल तर त्यातून वेळेबद्दल शून्य माहिती मिळते. आणि लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याच्याबद्दल मात्र थोडी मिळते.

म्हणून फोनवरच्या पहिल्या बोलण्यातच तीन प्रश्न. पहिल्या मंजूर प्लॅनमधली तारीख कोणती होती? प्लॅन किती वेळा बदलला? दर वेळी कारण काय होतं आणि मंजुरी कोणी दिली? उत्तर ऐकताना हे लक्षात ठेवा की बदललेला प्लॅन हा गुन्हा नाही. क्लायंटने मधेच नवं काम वाढवलं, चेंज रिक्वेस्ट रीतसर मंजूर झाली, तारीख पुढे गेली, हे चांगलं काम आहे. त्यासाठी मार्क कापाल तर तुम्हीच चुकाल. कापायचे कशासाठी, तर काम तेवढंच, तारीख मात्र पुढे, आणि कारण विचारलं की ‘बिझनेसची प्रायॉरिटी बदलली’ एवढंच. ज्याला मूळ तारीख आठवतच नाही, त्याला तेव्हाही ती फारशी टोचली नसावी. याउलट एक उमेदवार सरळ म्हणाली होती, ‘‘मूळ आठ महिने होते. एकदा क्लायंटने इंटिग्रेशन वाढवलं, ते त्यांचं. एकदा डेटा मायग्रेशनचा अंदाज माझाच चुकला, ते माझं.’’ तेव्हा तिला मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं, कारण तिच्या रेझ्युमेत ‘वेळेत’ हा शब्द नव्हता. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

बजेटलाही हाच प्रश्न: मूळ बजेट की वाढवून घेतलेलं? आणि स्कोपलाही: ठरलं होतं ते सगळं दिलं का? तारीख, पैसा आणि काम ही तिन्ही मूळची मागा. एकटी तारीख मागितलीत तर कामातून कापून ती पाळलेली निघते.

काही गोष्टी रेझ्युमेवरच दिसतात, फोनही करावा लागत नाही. नोकरीच्या तारखा आणि प्रोजेक्टच्या तारखा शेजारी शेजारी लिहा. माणूस जूनमध्ये रुजू झाला आणि वर्षभराचा प्रोजेक्ट ऑक्टोबरमध्ये संपवला म्हणतो, म्हणजे त्याने तो मधेच हातात घेतला. घ्यावा, बुडता प्रोजेक्ट वर काढणं हे मोठंच काम आहे. पण मग मूळ प्लॅन त्याचा नव्हता. अशा वेळी विचारायचं ते वेगळं: हातात आला तेव्हा किती मागे होता आणि तुम्ही कुठली तारीख कबूल केलीत? म्हणजे त्याची स्वतःची मूळ तारीख. प्रश्न फिरून तोच.

टीम. ‘24 जणांची टीम’ म्हणजे काय ते फोडून घ्या. पूर्णवेळ किती, अर्धवेळ किती, व्हेंडरची माणसं किती? मूल्यमापन कोण करत होतं? माझ्या माणसाच्या 24मध्ये 6 जण पूर्णवेळ होते, 11 व्हेंडरचे आणि बाकीचे सात दुसऱ्या विभागांतून आठवड्यातला एखादा दिवस येणारे. हे कमी दर्जाचं नाही. ज्यांच्यावर आपला अधिकार नाही अशांकडून काम करून घेणं उलट अवघड. पण जाहिरातीत जर थेट टीम सांभाळणं, माणसं घेणं, कमी पडणाऱ्याशी बोलणं हे मागितलं असेल, तर तो अनुभव 6 जणांचा आहे, 24चा नाही. कोणी मधेच सोडून गेलं तेव्हा काय केलं, हे विचारा. आणि हो, त्यामुळे मूळ तारीख हलली का, तेही.

सर्टिफिकेट. हे सगळ्यात सोपं आणि यातच लोक तासन्‌तास घालवतात, म्हणून थोडक्यात. पीएमपी तीन वर्षांचं असतं आणि त्या काळात 60 पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे पॉइंट, मिळवून नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे ‘पीएमपी, 2018’ एवढीच नोंद पुरेशी नाही, आज चालू आहे का ते बघा. पीएमपी देणाऱ्या पीएमआयच्या वेबसाइटवर नावाने शोधता येतं. सापडलं नाही तर लगेच खोटं ठरवू नका, नावाचं स्पेलिंग वेगळं असू शकतं. क्रमांक मागा. ‘पीएमपी ट्रेन्ड’ किंवा ‘35 तासांचा कोर्स पूर्ण’ म्हणजे पीएमपी नव्हे, तो परीक्षेला बसण्याआधीचा टप्पा आहे. स्क्रम मास्टरच्या सर्टिफिकेटांपैकी सीएसएम दर दोन वर्षांनी नूतनीकरण मागतं, पीएसएमला मुदत नसते, तेव्हा जुनं पीएसएम बघून नाक मुरडू नका. जाहिरातीत सक्तीचं असेल आणि चालू नसेल तर बाद, किंवा रुजू होईपर्यंत मुदत द्यायची असेल तर ती सगळ्यांना द्या. ‘असल्यास बरं’ असेल तर दोन सारखे उमेदवार उरले तरच वापरा. माझ्या माणसाचं पीएमपी चालू होतं, रजिस्ट्रीत नावही होतं. ते मी दोनदा तपासलं होतं. मूळ तारीख एकदाही नाही.

रेफरन्स कॉल: एचआरवर सोपवू नका, पाच मिनिटं स्वतः बोला. ‘कसा माणूस आहे’ विचारलंत तर ‘चांगला आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. प्लॅन किती वेळा बदलला ते विचारा.

तक्ता करणार असाल तर रकाने चार पुरेत: मेथडॉलॉजी, टीम, डिलिव्हरी, सर्टिफिकेट. डिलिव्हरीच्या रकान्यात दोनच तारखा लिहायच्या, मूळ आणि प्रत्यक्ष. पहिली रिकामी असेल तर तो रेझ्युमे अजून वाचून झालेला नाही, शॉर्टलिस्टमध्ये टाकू नका.