पेन्सिलीच्या शिशाचा रोध मोजताना: कार्बनची रचना समजून घेण्यासाठी

बडोद्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कार्बनची रूपं शिकवली जातात. बारावीतून आलेल्या बहुतेकांना उत्तर पाठ असतं: हिऱ्यात चार बंध म्हणून तो कठीण, ग्रॅफाइटमध्ये तीन बंध म्हणून एक इलेक्ट्रॉन मोकळा आणि वीज वाहते, थर सैल म्हणून ते निसरडं. परीक्षेला एवढं पुरतं. पण मकरपुऱ्याच्या एखाद्या कारखान्यात मोटरचे कार्बन ब्रश हाताळायचे असतील किंवा सुरतेत हिऱ्याच्या तपासणीचं काम करायचं असेल, तर हेच उत्तर अपुरं पडतं. कुठे अपुरं पडतं हे दाखवायला एक साधा प्रयोग पुरेसा आहे. त्याला लागतं फक्त मेकॅनिकल पेन्सिलीचं शिसं, मल्टिमीटर आणि स्क्रू गेज.

रावपुऱ्यातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात ०.५ मिमीचं शिसं मिळतं. पहिली चूक इथेच होते, कारण डबीवर ०.५ लिहिलेलं असलं तरी कांडीची खरी जाडी साधारण ०.५६ मिमी असते. तो आकडा फक्त पेन्सिलीचा आकार सांगतो. ०.५ धरून क्षेत्रफळ काढलं तर ते जवळपास वीस टक्के कमी येतं आणि पुढचं सगळं गणित तेवढंच चुकतं. म्हणून स्क्रू गेजने दोन-तीन ठिकाणी जाडी मोजा. गेज फार आवळू नका, शिसं चुरडतं.

मीटर सर्वांत खालच्या रोधाच्या रेंजवर ठेवा. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून किती दिसतं ते आधी लिहून घ्या. तारांचा तो रोध बऱ्याचदा अर्धा ओहम तरी असतो. मग मगरचिमटे शिशावर हलकेच लावा. चिमट्याच्या दातांखाली शिसं तुटतंच, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमच्या फॉइलची छोटी घडी घाला. आता एकच वाचन घेऊन थांबू नका. चिमटा आणि शिसं जिथे टेकतात तिथेही रोध असतो आणि एका वाचनातून तो वेगळा काढता येत नाही. चिमट्यांमधलं अंतर २०, ३०, ४०, ५० मिमी असं बदलत वाचनं घ्या आणि लांबीविरुद्ध रोधाचा आलेख काढा. रेषेचा चढ म्हणजे शिशाचा दर मिलिमीटरचा खरा रोध. ती रेषा शून्य लांबीला जिथे पोचते, तो तारांचा आणि स्पर्शाचा वाटा.

समजा २० मिमीला १.९ ओहम आणि ५० मिमीला ४.० ओहम आले. चढ झाला ०.०७ ओहम प्रति मिमी, म्हणजे ७० ओहम प्रति मीटर. शून्य लांबीला उरतो अर्धा ओहम. ०.५६ मिमी जाडीचं क्षेत्रफळ ०.२४६ चौरस मिमी. गुणाकार केला की रोधकता साधारण १.७ × १०⁻⁵ ओहम-मीटर येते. बिंदू रेषेपासून फार इकडे-तिकडे जात असतील तर दोष चिमट्यांचा आहे, शिशाचा नव्हे. फॉइल बदलून पुन्हा मोजा. मात्र बॅटरी थेट जोडून प्रवाह मोजायला जाऊ नका. तीन ओहमच्या कांडीला नऊ व्होल्ट मिळाले तर सत्तावीस वॅट खर्च होतात, कांडी लाल होते आणि बोट भाजतं.

आता हा आकडा शुद्ध ग्रॅफाइट स्फटिकाशी ताडून पाहा. थराच्या दिशेने त्याची रोधकता सुमारे ४ × १०⁻⁷ ओहम-मीटर असते, म्हणजे आपलं शिसं चाळीसपट वाईट वाहक ठरलं. मोकळा इलेक्ट्रॉन दोन्हीकडे तोच आहे, मग एवढा फरक का? तो इलेक्ट्रॉन सगळ्या दिशांना सारखा मोकळा नाही. एका थरात कार्बनचे अणू १४२ पिकोमीटरवर जोडलेले असतात आणि इलेक्ट्रॉन त्या संपूर्ण जाळीत फिरतात. शेजारचा थर मात्र ३३५ पिकोमीटर दूर असतो. थर ओलांडून जायचं तर रोध शेकडो ते हजारो पट वाढतो. शिशात अशा असंख्य बारीक चकत्या एकमेकींना टेकलेल्या असतात, मध्ये बांधणीचा पदार्थ आणि पोकळ्या असतात, त्यामुळे प्रवाहाला चकतीवरून चकतीवर उड्या माराव्या लागतात. लाकडी पेन्सिलीत तर चिकणमातीही असते. म्हणून 'ग्रॅफाइट वीज वाहतं' एवढं लिहून थांबू नये. कोणत्या दिशेने, हे लिहावं.

निसरडेपणाचंही तसंच आहे. 'थरांमधलं आकर्षण दुबळं, म्हणून ते घसरतात' हे कारण चुकीचं नाही, पण पूर्णही नाही. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश काही तासांत झिजून त्यांची पूड होऊ लागली. जमिनीवर तेच ब्रश नीट चालत. थर तर दोन्हीकडे तेच होते. फरक होता हवेतल्या बाष्पाचा. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ साली दाखवलं की बाष्प काढून घेतलं की ग्रॅफाइटचं घर्षण आणि झीज दोन्ही भयंकर वाढतात. चकत्यांच्या कडांवर अर्धवट राहिलेले बंध असतात. बाष्पाचे रेणू ते झाकतात. झाकले नाहीत तर कडा समोरच्या पृष्ठभागाला धरून ठेवतात. म्हणून निर्वातात ग्रॅफाइट वंगण म्हणून वापरत नाहीत, तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड लागतं. ब्रशखाली एरवीपेक्षा जास्त काळी पूड दिसली, तर स्प्रिंगचा दाब तपासताना हवा किती कोरडी आहे हेही पाहावं.

हिऱ्यात अशी सैल दिशा नाही. प्रत्येक अणूचे चार बंध १५४ पिकोमीटर लांबीचे, चारी दिशांना सारखे, एकही इलेक्ट्रॉन मोकळा नाही. म्हणून तो ओरखडा उमटू देत नाही आणि विजेला अडवतो. तरीही हातोडीने तो फुटतो, कारण अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर तो सरळ चिरला जातो. काठिण्य आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्णता मात्र तो तांब्याच्या कितीतरी पट चांगली वाहतो, कारण त्याच्या ताठ जाळीतून कंपनं सहज पुढे सरकतात. दुकानातला साधा हिरा-टेस्टर हीच उष्णता तपासतो, म्हणून हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइटचा खडाही त्यातून हिरा म्हणून सुटू शकतो. ते ओळखायला विजेची चाचणी लागते, कारण मॉइसनाइटमधून बऱ्याचदा थोडी वीज वाहते. पण बोरॉन असलेला निळा हिराही वीज वाहतो, त्यामुळे निळ्या खड्यावर फक्त मीटर पाहून निकाल देऊ नये.

ही विचारपद्धत जमली आहे का, ते फुलरीनवर तपासून पाहा. C₆₀ मध्ये साठ अणूंचा पोकळ गोळा असतो. गोळ्यातले बंध मजबूत आहेत, तरी घन पदार्थ मऊ असतो, कारण गोळे एकमेकांना दुबळ्या आकर्षणानेच धरून असतात. गोळ्यावरून गोळ्यावर जाणं इलेक्ट्रॉनला अवघड जातं, म्हणून तो ग्रॅफाइटसारखा वाहक नाही. पण प्रत्येक गोळ्यामागे तीन पोटॅशियम अणू मधल्या जागांत घातले की वाढीव इलेक्ट्रॉन मिळतात, तो धातूसारखा वाहू लागतो आणि १८ केल्विनखाली अतिवाहक होतो. हे १९९१ साली आढळलं.