कोयता पडला, त्यानंतरचं काय?

न्यायदंडाधिकारी पदाच्या मुख्य परीक्षेत एकदा माझे गुण कमी पडले. त्यातला हा एक प्रश्न आजही आठवला की पोटात गोळा येतो.

बांधाच्या वादातून एकजण कोयता घेऊन शेजाऱ्यावर धावून येतो. शेजारी काठीने त्याच्या मनगटावर मारतो, कोयता खाली पडतो. हल्लेखोर पाठ फिरवून पळत सुटतो. शेजारी पंधरा पावलांवर त्याला गाठून डोक्यात दोन काठ्या घालतो. माणूस मरतो.

मी लिहिलं, बचावाची मर्यादा ओलांडली, म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 चा अपवाद 2, म्हणून खून नव्हे, सदोष मनुष्यवध. साफ चूक. मर्यादा ओलांडायला मुळात बचावाचा हक्क जिवंत असावा लागतो! कलम 40 प्रमाणे शरीराला धोक्याची वाजवी धास्ती वाटली की हक्क सुरू होतो आणि धास्ती असेपर्यंतच टिकतो. कोयता उगारलेला असताना कलम 38 खाली जीव घेण्यापर्यंत हक्क होता, म्हणून मनगटावरचा फटका गुन्हाच नाही. पण तो निःशस्त्र होऊन पळाला तिथे हक्क संपला. नंतरच्या काठ्या म्हणजे जास्तीचा बचाव नव्हे, तो बचावच नव्हे. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा अपवाद 1 मांडता येईल, पण तो मुद्दा वेगळा आणि वेगळाच लिहायचा.

मग अपवाद 2 कुठे? समजा कोयता दूर उडाला, पण हल्लेखोर पळाला नाही, रिकाम्या हातांनी अंगावर आला. आता भीती साध्या मारहाणीची. हक्क आहे, पण कलम 39 मुळे मृत्यूपर्यंत जात नाही. घाबरलेल्या शेजाऱ्याने सद्‌भावनेने, पूर्वनियोजन नसताना, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हेतू नसताना डोक्यात काठी घातली आणि तो मेला, तर अपवाद 2. आणि तो कोयता उचलायला वाकला असता तर? धास्ती तशीच, हक्कही पूर्ण.

क्लासच्या नोट्समधला ‘जास्त बळ = अपवाद 2’ हे समीकरण खोडून टाका. मला त्यानेच बुडवलं. ज्यांच्याकडे मी ज्युनिअर होतो ते वकीलसाहेब मूळ कायदाच हातात द्यायचे. तेव्हा राग यायचा, आज पटतं.

मात्र घाबरून दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. अंगावर कोयता आलेल्या माणसाने प्रत्येक फटका गणिती काटेकोरपणे मोजून मारावा, अशी अपेक्षा अवास्तव आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग (2010) निकालात म्हटलंय. आरोपीला बचाव निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, शक्यतेचं पारडं त्याच्या बाजूला झुकलं तरी पुरतं.

दुसऱ्या वेळी मी घटनेतला प्रत्येक फटका वेगळ्या ओळीवर लिहिला आणि प्रत्येकापुढे एवढंच: या क्षणी कोयता कुठे, तोंड कुठे?