फोटोतला बॉल ओळखताना: ३२ पॅनेल, ३ नंबर आणि तरीही दोन खेळ

धोबी तलावच्या दुकानांतून येणाऱ्या क्रीडासाहित्याच्या फोटोंची कॅटलॉगसाठी नोंद करणं हे माझं काम. या कामात नवीन येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी फुटबॉल आणि हँडबॉल शिकवते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच दोघांत होतो. बास्केटबॉलची दाणेदार कातडी आणि रुंद खाचा लगेच दिसतात. व्हॉलीबॉलच्या लांबट पट्ट्याही बहुतेकदा चुकत नाहीत. पण १२ पंचकोन आणि २० षटकोन अशी ३२ तुकड्यांची रचना फुटबॉलचीच असते हा समज आधी सोडा. फुटसालचे, म्हणजे छोट्या मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचे, आणि हँडबॉलचे कितीतरी बॉल याच रचनेचे असतात. नुसती पॅनेलं मोजून खेळ ठरवता येत नाही.

मग घेर काढावा लागतो. तो फोटोत दिसत नाही, पण ३२ पॅनेलच्या बॉलवर तो शिवणीतून काढता येतो. दोन शेजारच्या षटकोनांमधली शिवण, म्हणजे एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंतची एक कड घ्या. तिच्या लांबीला साडेपंधराने गुणलं की बॉलचा घेर मिळतो, कारण या रचनेत एक कड पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांपैकी साधारण सव्वातेवीस अंश व्यापते.

त्यासाठी फोटोत ओळखीच्या मापाची वस्तू हवी. मी दुकानदाराला दहा रुपयांचं नाणं मागते. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नाणं बॉलशेजारी टेबलावर ठेवलेलं चालत नाही. बॉलचा पुढचा भाग कॅमेऱ्याच्या जवळ असतो आणि नाणं मागे, त्यामुळे बॉल आहे त्यापेक्षा मोठा भासतो. नाणं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बॉलवरच लावायला सांगा आणि फोटो बरोबर समोरून घ्यायला लावा. मोजायची कड नाण्याला लागूनच, बॉलच्या मध्यावरची घ्यायची. काठाजवळच्या कडा वळणामुळे आखूड दिसतात.

एक उदाहरण बघू. पांढरा-निळा, ३२ पॅनेलचा बॉल, ठळक ३ छापलेला, बाकीची अक्षरं पुसट. दुकानदाराने ‘फुटबॉल’ लिहून पाठवला होता. स्क्रीनवर नाणं ५४ मिलिमीटर आलं, म्हणजे चित्र दुप्पट मोठं. कड ७६ मिलिमीटर दिसली, म्हणजे खरी ३८. साडेपंधराने गुणल्यावर ५८९ मिलिमीटर, जवळपास ५९ सेंटिमीटर. पाच नंबरचा फुटबॉल ६८ ते ७० सेंटिमीटरचा असतो आणि फुटसालचा ६२ ते ६४, तेव्हा ते दोन्ही बाद. पण पुरुषांचा ३ नंबरचा हँडबॉल ५८ ते ६० सेंटिमीटर भरतो आणि लहान मुलांचा ३ नंबरचा फुटबॉलही त्याच्याच आसपास. पॅनेल तेच, आकडा तोच, घेरही तोच! इथे मापाचं काम संपतं.

आता पृष्ठभाग बघायचा. हँडबॉल एका हाताने पकडायचा असल्यामुळे त्याचं आवरण मंद, थोडं खरखरीत आणि पकड देणारं असतं. फ्लॅशचा उजेड त्यावर पसरट पडतो. साध्या फुटबॉलवर तोच उजेड बहुधा चकाकतो. वापरलेल्या हँडबॉलवर कधी खेळाडू लावतात त्या चिकट मेणाचे तपकिरी डाग आणि त्यांत रुतलेली धूळ दिसते, तो फार चांगला पुरावा. उलट मातीचे ओरखडे दिसले म्हणून फुटबॉल म्हणू नका. आपल्याकडे शाळांच्या मैदानांवर हँडबॉलही मातीतच खेळतात.

या बॉलवर मेण नव्हतं, आणि चकाकीवरून मी पैज लावत नाही. दुकानदाराला फोन करून म्हटलं, ‘काका, एकदा काट्यावर ठेवा ना.’ ४४० ग्रॅम आलं. त्या आकाराचा हँडबॉल ४२५ ते ४७५ ग्रॅमचा असतो, तर ३ नंबरचा फुटबॉल बराच हलका, तीनशेच्या आसपास. नोंद हँडबॉलची झाली.

या पद्धतीला मर्यादा आहे. कड मोजताना एक मिलिमीटर चुकला तर घेर दीड सेंटिमीटरने चुकतो. त्यामुळे ३ आणि ५ नंबर वेगळे करता येतात, पण ५८ की ५९ हा वाद त्यातून सुटत नाही. कमी हवेच्या बॉलवर मोजूच नका; शिवणीपाशी सुरकुत्या दिसल्या तर आधी हवा भरून नवा फोटो मागा. आणि स्वस्त रबरी बॉलवर पॅनेलच्या रेषा साच्यातून आलेल्या नुसत्या खाचा असतात. फोटो मोठा करून टाके किंवा दोन तुकड्यांचा सांधा दिसतो का ते बघा. काहीच दिसत नसेल तर त्या रेषा प्रमाणात असतीलच असं नाही. तिथे गुणाकार बाजूला ठेवून दोरी गुंडाळून घेतलेलं माप मागवायचं, आणि ते येईपर्यंत खेळाचा रकाना रिकामा ठेवायचा.