ओली माती, अनवाणी पाय आणि जंताची गोळी

पावसाळी कामांत अनवाणी राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात कधी बारीक लाल पुरळ उठते आणि खाज सुटते. चिखल्या समजून मलम लावला जातो. चिखल्यांत कातडी पांढरी पडून भेगाळते. नुसते खाजरे पुरळ असेल, तर अंकुशकृमी या आतड्यात राहणाऱ्या जंताच्या अळ्या कातडीतून आत शिरल्याची शंका घ्यावी.

उघड्यावर पडलेल्या विष्ठेतली या जंताची अंडी ओल्या, सावलीतल्या, भुसभुशीत मातीत एकदोन दिवसांत उबतात. पाच ते दहा दिवसांत अळी कातडीतून शिरण्याजोगी होते आणि ओल टिकली तर तीन-चार आठवडे वाट पाहते. कडक ऊन आणि कोरडेपणा तिला मारतो. म्हणजे ऐन उन्हात तापलेल्या रानापेक्षा आडोशाची, लोक शौचाला बसतात ती कडेची जागा जास्त धोक्याची.

कातडीतून अळी रक्तात, तिथून फुप्फुसात जाते, श्वासनलिकेने घशापर्यंत चढते आणि गिळली जाऊन लहान आतड्यात उतरते. तिथे वाढून अंडी घालायला तिला शिरल्यापासून पाच आठवडे किंवा जास्त लागतात. मग ती आतड्याला चावा घेऊन रक्त पीत राहते, एकदोन वर्षे तरी.

अंकुशकृमीच्या एका जातीचा एक जंत रोज जेमतेम ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो. दुसऱ्या जातीचा त्याच्या पाचपट. पहिल्या जातीचे शंभर जंत धरले तर रोज ३ मिलिलिटर, म्हणजे सुमारे दीड मिलिग्रॅम लोह गेले. जेवणातून शरीर रोज साधारण एक-दोन मिलिग्रॅमच लोह शोषते. पाळी येणाऱ्या बाईला हा हिशेब मुळातच पुरत नाही. बहुतेकदा पोटात दुखत नाही, ताप नाही. फक्त दम लागतो, खालची पापणी आतून फिकी दिसते, कधी माती खावीशी वाटते. म्हणून हा अशक्तपणा कामाच्या थकव्यावर ढकलला जातो.

अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आतड्यातले बहुतेक जंत काढते, सगळे नाही. वाटेवर असलेल्या अळ्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. आज गोळी घेतली आणि दहा दिवसांपूर्वी शिरलेली अळी वाचली, तर महिन्याभरानंतर तीच आतड्यात अंडी घालू लागेल. शिवाय या जंतांची संख्या पोटातल्या पोटात वाढत नाही. प्रत्येक जंत मातीतून वेगळा शिरलेला असतो आणि एकदा होऊन गेल्याने अंगात पुरेसा प्रतिकार येत नाही. माती तीच राहिली तर भर पुन्हा पडते. म्हणूनच जंत सर्रास असलेल्या भागात गोळी वर्षातून एकदा, अतिप्रमाणात असतील तिथे दोनदा देतात.

बूट घाला, हाताने माती उकरताना हातमोजेही. ताजा मैला पिकाला घालू नका. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी नको. आणि गोळी गेलेले रक्त भरून देत नाही: हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात आणि आकडा सुधारल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा आणखी काही महिने, चालू ठेवाव्या लागतात.