‘नॉट डिटेक्टेड’ वाचून गोळी बंद केली: रिमिशनच्या रिपोर्टमधल्या या चुका टाळा

माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षबागायतदार. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ऐन काढणीच्या गर्दीत त्याच्या मोबाइलवर लॅबची पीडीएफ आली. बीसीआर-एबीएल या त्याच्या कॅन्सरच्या खुणेपुढे ‘नॉट डिटेक्टेड’, म्हणजे सापडलं नाही, असं लिहिलेलं. त्यानं ती बांधावर उभ्या उभ्या वाचली आणि रविवारी सगळ्यांना घेऊन वणीला नवस फेडायला गेला. कॅन्सरची रोजची गोळीही त्याच दिवशी थांबवली, आणि ते कुणाला सांगितलं नाही. वहिनींना कळलं ते महिना उलटल्यावर, पाकिटातल्या गोळ्या संपत का नाहीत म्हणून.

त्याला सीएमएल आहे. हा रक्ताचा सावकाश वाढणारा कॅन्सर. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं एक चुकीचं जनुक तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना थांबूच देत नाही. दादाच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला १,८४,००० होत्या, प्लीहा सुजून डाव्या बरगडीखाली हाताला लागत होती. इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, एवढाच उपचार.

त्याची फाइल मी सांभाळते, म्हणून त्याच्या चुका मला पानापानावर दिसतात. काही माझ्याही आहेत.

सीबीसी नॉर्मल म्हणजे आजार गेला, ही समजूत

तीन महिन्यांत पांढऱ्या पेशी ७,२०० वर आल्या, प्लीहा लागेनाशी झाली. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, ‘हिमॅटोलॉजिक रिमिशन’, म्हणजे साध्या रक्ततपासणीपुरता, सीबीसीपुरता, आजार दबलेला. घरात पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात बीसीआर-एबीएल ८.२ टक्के होतं, तो कागद कुणी नीट पाहिलाच नाही. मीही नाही.

सीएमएलमध्ये रिमिशनच्या तीन पायऱ्या असतात. पहिलीत साधी रक्ततपासणी नॉर्मल होते. दुसरीत हाडांच्या मज्जेतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या तरी बिघडलेलं गुणसूत्र दिसत नाही. तिसरी पीसीआरची, म्हणजे त्या जनुकाचा रेणूच रक्तात किती उरलाय ते मोजायचं. हा आकडा ३ महिन्यांत १० टक्क्यांच्या आत, ६ महिन्यांत १ च्या आत आणि वर्षात ०.१ च्या आत यायला हवा. दादाचा वर्षाला ०.०९ होता, म्हणजे गोळी चांगली लागू पडली होती. तेव्हा नुसतं ‘रिमिशन’ वाचून थांबू नका. कुठल्या पायरीचं, ते विचारा.

‘नॉट डिटेक्टेड’ला शून्य समजणं

खरी चूक ही. सुरुवातीला अंगात आजाराच्या पेशी साधारण एक लाख कोटी असतात असं धरतात. आकडा ०.००३२ टक्क्यांवर आला की त्याला खूप खोल रिमिशन म्हणतात, पण या हिशोबानं तेव्हाही तीनेक कोटी पेशी उरलेल्या असू शकतात. चाचणी थोड्याशा रक्तात शोधते. तिथं सापडलं नाही याचा अर्थ चाचणीच्या नजरेच्या पलीकडे गेलं, एवढाच.

दादाच्या रिपोर्टमध्ये तर आणखी एक गोम होती. त्याच पानावर खाली, बारीक अक्षरात, ‘एबीएल कॉपीज ६,४००’ असं होतं. एबीएल हे प्रत्येक पेशीत असणारं जनुक. त्याच्या किती प्रती मिळाल्या यावरून नमुना किती चांगला होता ते कळतं. ‘०.०१ टक्क्याच्या खाली’ असं म्हणायला निदान १०,००० प्रती लागतात, ०.००३२ साठी ३२,०००. ६,४०० प्रतींत ‘सापडलं नाही’ म्हणजे अंधारात चाचपडून खोली रिकामी आहे म्हणण्यासारखं. रक्त शनिवारी दुपारी काढलं होतं आणि मुंबईच्या लॅबला मंगळवारी पोहोचलं. या चाचणीला आरएनए लागतो, आणि रक्त असं पडून राहिलं की तो तुटत जातो.

हे आम्हाला कळलं कधी? गोळी बंद होऊन चार महिने झाल्यावर, रिपोर्ट एकदाचा डॉक्टरांच्या टेबलावर गेला तेव्हा. त्यांनी आधी तारखा पाहिल्या, मग कॉपीजचा आकडा, मग दादाकडे.

“गोळी चालू आहे ना?”

दादा खाली बघत बसला.

नव्या तपासणीत बीसीआर-एबीएल १.७ टक्के निघालं. सीबीसी मात्र नॉर्मल, पांढऱ्या पेशी ८,१००. तब्येत ठणठणीत, रोज बागेत जात होता. पीसीआर केलीच नसती तर आणखी काही महिने कुणाला पत्ता लागला नसता.

डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणत नाहीत म्हणजे काहीतरी लपवतायत, असं मानणं

वहिनींनी एकदा रडकुंडीला येऊन विचारलं होतं, “डॉक्टर, एकदा तरी म्हणा की हे बरे झाले.” ते म्हणाले, “आजार ताब्यात आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.” वहिनींना ते टाळाटाळीचं वाटलं. मलाही वाटलं होतं.

कारण असं, की इमॅटिनिब वाढणाऱ्या पेशींना रोखते, पण मज्जेत झोपून राहिलेल्या काही मूळ पेशी तिच्या माऱ्यातून वाचतात. द्राक्षावर डावणी या बुरशीची फवारणी झाली, पानं स्वच्छ दिसायला लागली म्हणून बागेतून डावणी गेली असं पिंपळगावात कुणी म्हणत नाही, तसंच हे. फ्रान्समध्ये ‘स्टिम’ नावाच्या अभ्यासात किमान २ वर्षं काहीही न सापडलेल्या १०० पेशंटची गोळी देखरेखीखाली थांबवली. २०१० मध्ये त्याचे निकाल छापून आले: वर्षभरानंतर साधारण ४१ टक्के लोकांचा आजार गोळीशिवाय शांत होता. बाकीच्यांचा उलटला, आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिल्या ६ महिन्यांतच. कोण कुठल्या बाजूला जाणार हे आधी सांगता येत नाही. म्हणून शांत राहिलेल्यांनाही ‘बरे झाले’ न म्हणता ‘गोळीविना रिमिशन’ म्हणतात. प्रत्येक कॅन्सरचं गणित वेगळं असतं. लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या काही प्रकारांत ५ वर्षं निर्धोक गेली की डॉक्टर मोकळेपणानं बोलतात, तर हार्मोन पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्ये १५ वर्षांनीही सावध असतात.

म्हणजे गोळी कधी थांबतच नाही असं नाही. अनेक वर्षं गोळी नियमित घेतलेली असावी, आकडा निदान २ वर्षं ०.०१ च्या खाली टिकलेला असावा, आणि थांबवल्यावर पहिले ६ महिने दर महिन्याला पीसीआर, मग वर्षापर्यंत दर २ महिन्यांनी, पुढे दर ३ महिन्यांनी करायची तयारी असावी. आकडा ०.१ च्या वर गेला की गोळी लगेच सुरू. दादानं यातलं एकही केलं नव्हतं.

एक गंमत सांगते. इमॅटिनिबवर ग्रेपफ्रूट खाऊ नये असं कुणीतरी वाचलं आणि आमच्या घरात वर्षभर दादाला द्राक्षं बंद. नाशिक जिल्ह्यात, स्वतःच्या बागेतली! ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या जातीचं फळ आहे. पपनस टाळायचं, द्राक्षांचा त्यात काही दोष नाही.

गोळी पुन्हा सुरू केल्यावर सहा महिन्यांत दादाचा आकडा ०.०४ वर आला. आता रक्त सोमवारी सकाळी देतो, म्हणजे मंगळवारी लॅबमध्ये पोहोचतं. रिपोर्ट आला की मी आधी एबीएल कॉपीज बघते, मागच्या वेळी ४८,००० होत्या. बीसीआर-एबीएल ०.००६. दादानं विचारलं, “मग आता?”

“आता २ वर्षं हाच आकडा टिकव,” मी म्हटलं, “मग डॉक्टरांना विचारू.”