या चुका टाळा: स्ट्रँड आधीच ताणलेली असते

प्रीस्ट्रेस्ड तुळईची अंतिम वाकण-क्षमता काढताना एकच चूक मी वर्षानुवर्षे पाहतोय. वाकण्यामुळे स्टीलमध्ये येणारा स्ट्रेन मुलं नीट काढतात, पण स्ट्रँड मुळातच ओढून ठेवलेली आहे हे विसरतात.

रत्नागिरीकडे खाडीवरच्या एका छोट्या पुलाच्या कामावर असंच झालं. तुळई 300 मिमी रुंद, स्टीलची खोली 500 मिमी, काँक्रीट एम-40, सहा स्ट्रँडची केबल, एकूण क्षेत्रफळ 592 चौ. मिमी. क्षमता 335 किलोन्यूटन-मीटर हवी होती. कामावरच्या मुलाच्या हिशेबात न्यूट्रल ॲक्सिस 174 मिमी, स्टीलचा स्ट्रेस 1273 एमपीए आणि क्षमता 322 आली. 'कमी पडते' म्हणून सातव्या स्ट्रँडसाठी मोठे अँकरेज मागवले गेले, टोकांचे बांधलेले पिंजरे सोडले गेले. मग कागद माझ्याकडे आला.

प्रभावी प्रीस्ट्रेस 1080 एमपीए होता. त्याला 1,95,000 ने भागलं की 0.0055. स्टीलच्या पातळीवर काँक्रीट आधी दाबलेलं असतं, तो दाब सुटतानाचे 0.0003. या दोन्हींत वाकण्याचा स्ट्रेन मिळवायचा. स्टील 1407 वर पोचलं असं धरलं (1860 चे 87 टक्के, भागिले 1.15), तर ओढ 833 किलोन्यूटन. काँक्रीटचा दाब `0.36·fck·b·x` तेवढाच हवा, म्हणून x = 193 मिमी. काँक्रीटच्या वरच्या कडेला 0.0035 धरून:

```
0.0035 × (500 − 193) / 193 = 0.0056
0.0055 + 0.0003 + 0.0056   = 0.0114
```

1407 गाठायला 0.0072 पुरतो, म्हणजे गृहीतक खरं ठरलं. क्षमता 833 × (500 − 0.42 × 193), म्हणजे 349. तुळई पहिल्यापासून पुरेशी होती.

मी हे तीन स्ट्रेन नेहमी तीन वेगळ्या ओळींत लिहितो, एका सूत्रात कोंबत नाही. न्यूट्रल ॲक्सिस खोलीच्या 0.4 पटीच्या आत आणि तरी स्टील पूर्ण ताणलेलं नाही, असं दिसलं की आधी पहिली ओळ शोधा.

घाईची दुसरी खोड म्हणजे 1407 धरून शेवटचा स्ट्रेन न तपासणं. स्ट्रँड जास्त असल्या की न्यूट्रल ॲक्सिस खाली सरकतो आणि स्ट्रेन 0.0072 पर्यंत पोचत नाही. मग नवा x धरून, त्याच्या स्ट्रेनवरून स्ट्रेस काढून, ओढ आणि दाब जुळेपर्यंत फेऱ्या माराव्याच लागतात.

आणि हा सगळा हिशेब ग्राउट भरलेल्या केबलचा आहे. आमच्याकडे पावसामुळे ग्राउटिंग लांबतं, खाऱ्या हवेत स्ट्रँड गंजते ते वेगळंच. पण ग्राउट नसेल तर स्ट्रँड काँक्रीटला धरलेली नसते, तिची लांबी अँकरपासून अँकरपर्यंत सरासरीने वाढते. मग मधल्या छेदाचे 0.0056 तिला लावता येत नाहीत.